तीन मोड, एक लॅपटॉप: आवाज, वॅट आणि फ्रेम यांच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

लॅपटॉपवर मोड बदलायची एक कळ आहे: शांत, संतुलित, परफॉर्मन्स. परफॉर्मन्स लावला की पंखे असे घोंघावतात की शेजारच्या खोलीतून विचारणा होते. त्या आवाजाच्या बदल्यात फ्रेम नेमक्या किती वाढतात, हे एकदा नीट मोजून टाकायचं ठरवलंय.

मशीन: १६ इंची, इंटेल आय७-१३७००एच, आरटीएक्स ४०६०, स्क्रीन २५६० × १६००, १६५ हर्ट्झ, चार्जर २३० वॅटचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार असं दिसतंय.

मोडच्या नावांवर जायचं नाही. असूसकडे सायलेंट, परफॉर्मन्स आणि टर्बो असतात, म्हणजे तिथला ‘परफॉर्मन्स’ हा मधला मोड झाला. लेनोवोच्या लीजनवर एफएन आणि क्यू दाबलं की पॉवर बटणाचा रंग बदलतो: निळा म्हणजे शांत, पांढरा संतुलित, लाल परफॉर्मन्स. एमएसआयच्या ‘कूलर बूस्ट’चं काम एवढंच की पंखे पूर्ण वेगाने सोडायचे. म्हणून नावं बाजूला ठेवून प्रत्येक मोड आत काय बदलतो ते आधी लिहून काढतोय.

मुख्य गोष्टी तीन: सीपीयूच्या वॅटची मर्यादा, जीपीयूच्या वॅटची मर्यादा, आणि किती तापमानाला पंखा किती फिरवायचा याचा आलेख. एका कळीला तिन्ही बांधलेल्या आहेत. माझ्या मते खरी गोम इथेच आहे, पण ते मोजल्यावर बघू.

१३ ऑक्टोबर

मर्यादा वाचून काढल्या. सीपीयूच्या दोन असतात. PL1 म्हणजे दीर्घकाळ जितके वॅट चालतील ती, आणि PL2 म्हणजे थोडा वेळ जितकी उसळी मारता येईल ती. उसळी किती वेळ टिकणार ते टाऊ नावाच्या तिसऱ्या आकड्यावर ठरतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तिन्ही दिसतात. PL1 दोनदा दिसतो, ‘Static’ आणि ‘Dynamic’. मोड बदलल्यावर हलतो तो दुसरा, वाचायचा तोच.

माझ्याकडे शांत मोडमध्ये PL1 २५ वॅट, संतुलितमध्ये ४५, परफॉर्मन्समध्ये ७०. PL2 अनुक्रमे ४५, ८० आणि ११५. टाऊ तिन्हीकडे ५६ सेकंद.

जीपीयूची मर्यादा वाचण्यापेक्षा गेम चालू ठेवून तो खरोखर किती वॅट ओढतो ते पाहिलेलं बरं. दर सेकंदाला एक ओळ फाइलमध्ये जाईल अशी ही आज्ञा:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,power.draw,clocks.sm,temperature.gpu,utilization.gpu --format=csv -l 1 -f jd.csv
```

शांतमध्ये ६० वॅट, संतुलितमध्ये ८५, परफॉर्मन्समध्ये १०३. खोक्यावर मात्र १४० लिहिलंय: ११५ मूळचे आणि २५ डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे सीपीयूला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्यातून जीपीयूकडे वळणारे. मग १०३ वरच का थांबतो? जीपीयू-झेडमध्ये ‘PerfCap Reason’ पाहिलं. शांत आणि संतुलितमध्ये तिथे `Pwr` येतं, म्हणजे वॅट संपले. परफॉर्मन्समध्ये `VRel` येतं, म्हणजे चिपला मिळू शकणारा व्होल्टेज संपला. वॅट शिल्लक आहेत, पण त्या व्होल्टेजला घड्याळ आणखी वर जात नाही, म्हणून ते वापरलेच जात नाहीत. ४०६० मध्ये हे नेहमीचं आहे. १४० चा आकडा पाहून लॅपटॉप निवडणाऱ्याला त्यातले शेवटचे तीसेक वॅट गेममध्ये सहसा भेटणारच नाहीत.

१४ ऑक्टोबर

पहिली मोजणी वाया गेली. लिहून ठेवतो, कारण चूक सोपी आहे.

दोन गेम घेतलेत. पहिला जड, रे-ट्रेसिंगवाला, १६०० पी रेझोल्यूशनवर. त्यात जीपीयू सतत ९८ टक्क्यांच्या वर असतो. दुसरा स्पर्धात्मक नेमबाजीचा, १०८० पी आणि कमी सेटिंगवर. त्यात जीपीयू निम्मा रिकामा बसतो आणि सगळं सीपीयूवर अवलंबून असतं.

नेमबाजीच्या गेममध्ये संतुलित मोडने २०८ एफपीएस दिले आणि परफॉर्मन्सने २०९. म्हटलं, संपला प्रकल्प! पण फेरी होती फक्त पन्नास सेकंदांची आणि लॅपटॉप थंड. म्हणजे संतुलित मोडमधला सीपीयू अख्खी फेरी PL2 वर, ८० वॅटच्या उसळीवर धावला. टाऊ संपून ४५ वॅटवर येण्याआधीच माझी मोजणी आटोपली. लोक गेम तासभर खेळतात. पन्नास सेकंदांचा आकडा त्यांच्या काय कामाचा?

नवा नियम: मोड बदलला की आधी पंधरा मिनिटं खेळ चालू ठेवायचा. तापमान आणि पंख्याचा वेग दोन्ही स्थिरावले की मगच तीन मिनिटांची फेरी, अशा तीन फेऱ्या. खोलीचं तापमान २६ अंशांवर.

एफपीएस प्रेझेंटमॉनने नोंदतोय. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते येतं. सरासरी काढताना एकूण फ्रेम भागिले एकूण वेळ असंच करायचं. प्रत्येक फ्रेमचा वेगळा एफपीएस काढून त्यांची सरासरी घेतली तर आकडा फुगतो, कारण झटपट झालेल्या फ्रेमना नको तितकं वजन मिळतं. सोबत सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही ठेवतोय. हाताला जाणवतो तो तोच.

व्ही-सिंक बंद आहे ना आणि गेममधली एफपीएसची मर्यादा काढली आहे ना, हे प्रत्येक वेळी बघायचं. एकदा १६५ ची मर्यादा तशीच राहिली होती आणि दोन मोड अगदी सारखे निघाले.

१६ ऑक्टोबर

आवाज. फोनवरच्या ॲपने सुरुवात केली आणि तासाभरात सोडून दिली. दोन फोन शेजारी शेजारी ठेवले तर सहा डेसिबलचा फरक. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. पंख्याची एकसुरी घरघर काही ॲप गोंगाट समजून दाबूनही टाकतात.

ओळखीच्या एका ध्वनिमुद्रकाकडून वर्ग २ चा ध्वनिमापक आणला. ए-भारित, स्लो सेटिंग, डोकं जिथे असतं तिथे, म्हणजे स्क्रीनसमोर ५० सेंटिमीटरवर. लॅपटॉप टेबलावर, खाली काही नाही. खोलीतला छताचा पंखा बंद (हे पहिल्या वेळी विसरलो होतो).

बंद खोलीत मापक ३० दाखवतो. जड गेम चालू असताना स्थिरावलेले आकडे: शांत ३४.५, संतुलित ४३, परफॉर्मन्स ५०. पंख्यांचा वेग २१००, ३४०० आणि ४७०० आरपीएम.

यातल्या ३४.५ मध्ये खोलीचाही वाटा आहे. पार्श्वभूमी आणि मोजणी यांत दहा डेसिबलचं अंतर असेल तर दुर्लक्ष चालतं, पण इथे अंतर साडेचारच आहे. वजाबाकी सरळ डेसिबलची करायची नाही, आधी ध्वनिशक्तीत उतरवायचं:

```
10 × log10(10^3.45 − 10^3.0) = 32.6
```

म्हणजे शांत मोडमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा आवाज ३२.६ च्या आसपास. पंख्यांचा एक ढोबळ नियम आहे: वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, म्हणजे वेगांच्या गुणोत्तराच्या लॉगला ५० ने गुणायचं. त्याने ३४०० वरून ४७०० ला सात डेसिबल येतात, आणि मोजणीतही सातच आले. खाली २१०० साठी साडेदहा कमी व्हायला हवेत, म्हणजे ३२.५. वजाबाकीचं उत्तरही तेच सांगतंय. मापक नीट लावलाय, आता पुढे जायला हरकत नाही.

सात डेसिबल म्हणजे ध्वनिशक्ती पाचपट, पण कानाला साधारण दीडपटीहून थोडा जास्त मोठा. आणि तरीही परफॉर्मन्सचा आवाज आकड्यापेक्षा जास्त टोचतो. लॅपटॉपच्या पंख्यांना पाती बारीक आणि पुष्कळ असतात. पात्यांची संख्या गुणिले सेकंदाला फेरे, तेवढ्या वारंवारतेची एक शिट्टी त्यात मिसळलेली असते. ४७०० आरपीएमला ती काही हजार हर्ट्झवर जाते, आणि कान तिथेच सर्वांत तिखट असतो. शिवाय दोन पंखे अगदी एकाच वेगाने फिरत नाहीत. माझे चाळीसेक फेऱ्यांनी पुढेमागे असतात, त्यामुळे आवाज वर-खाली होत राहतो. डीबीएच्या आकड्यात यातलं काही येत नाही.

१८ ऑक्टोबर

जड गेमचे आकडे आले. तीन फेऱ्यांतला फरक दीड टक्क्याच्या आत.

| मोड | जीपीयू वॅट | सरासरी एफपीएस | आवाज, डीबीए |
|---|---|---|---|
| शांत | ६० | ५२ | ३४.५ |
| संतुलित | ८५ | ६३ | ४३ |
| परफॉर्मन्स | १०३ | ६७ | ५० |

शांतवरून संतुलितला पंचवीस वॅटमध्ये अकरा फ्रेम मिळाल्या, एकवीस टक्के. पुढच्या अठरा वॅटमध्ये चारच, सहा टक्के. कारण व्होल्टेजचं आहे. चिपला एक किमान व्होल्टेज लागतोच, आणि ६० वॅटला जीपीयू त्याच्या जवळपास चाललेला असतो. तिथे वॅट वाढवले की ते जवळजवळ सरळ घड्याळात उतरतात. एकदा किमान व्होल्टेजच्या वर गेलं की घड्याळ वाढवायला व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. घड्याळ आणि व्होल्टेज दोन्ही चढत असताना वॅट साधारण घड्याळाच्या घनाने लागतात. ८५ ला १०३ म्हणजे १.२१ पट, त्याचं घनमूळ १.०६६. माझ्याकडे फ्रेम १.०६३ पट झाल्या. इतकं चपखल बसेल असं वाटलं नव्हतं, थोडा योगायोगही असेल.

नेमबाजीच्या गेममध्ये चित्र वेगळं. शांत १४८, संतुलित २०१, परफॉर्मन्स २०९. संथ एक टक्क्याचे आकडे ८४, १२६ आणि १३३. इथे शांत मोड खरोखर महाग पडतो, कारण २५ वॅटमध्ये सीपीयूचा श्वास कोंडतो. संतुलितच्या पुढे पुन्हा चारच टक्के.

१९ ऑक्टोबर

आज परफॉर्मन्स मोडमध्ये जड गेम ५० वर आला. कालच्या शांत मोडपेक्षाही कमी! कळीचा रंग बरोबर, सॉफ्टवेअरमध्येही परफॉर्मन्सच. ड्रायव्हर पुन्हा टाकायच्या तयारीत होतो, तेवढ्यात नोंदीची फाइल उघडली: जीपीयू ५५ वॅटवर सपाट, तापमान जेमतेम ६२. गरम नाही आणि तरी अडलेला, म्हणजे अडथळा विजेचा. बघतो तर मागे १०० वॅटचा टाइप-सी चार्जर लावलेला. मोठी वीट दुसऱ्या खोलीत राहिली होती.

मोडचं चिन्ह इच्छा दाखवतं, मिळालेले वॅट दाखवत नाही. यापुढे प्रत्येक फेरीआधी वॅटचा रकाना आधी बघायचा, एफपीएस नंतर.

२१ ऑक्टोबर

मावसभाऊ त्याचा लॅपटॉप घेऊन आला. कंपनी वेगळी, जीपीयू तोच ४०६०. तो नेहमी सर्वांत वरच्या मोडवर खेळतो आणि हेडफोन लावून बसतो.

“दादा, खालच्या मोडला गेम अडकतो रे,” म्हणाला.

मोजलं. त्याच्याकडे मधल्या आणि वरच्या मोडमध्ये जीपीयू सारखेच वॅट ओढतो, १०२ आणि १०३. कंपनीने फक्त सीपीयूची मर्यादा आणि पंख्याचा आलेख बदललाय. जड गेममध्ये मधला ६६, वरचा ६७, म्हणजे मोजणीच्या चुकीच्या आतला फरक. आवाज मात्र ४५ आणि ५२.

तो दोन्ही आकड्यांकडे बघत बसला. “मग मी वर्षभर काय ऐकत होतो?” अडकण्याचं कारणही सापडलं: त्याने एकदा मोड खाली आणला होता तो थेट शांतपर्यंत.

२३ ऑक्टोबर

त्याच्या लॅपटॉपने डोक्यात एक किडा सोडला. माझ्याकडे जड गेममध्ये पंखे नक्की कोणासाठी फिरतात?

परफॉर्मन्समध्ये जीपीयू ७८ अंशांवर आहे, निवांत. सीपीयू ९४ वर. या गेमला सीपीयूचं फारसं काम नाही, तरी ७० वॅटची मुभा आहे म्हणून तो घड्याळ उंच ठेवतो आणि ४५ वॅट जाळत बसतो. दोन्ही चिपांच्या उष्णतानळ्या सामायिक आहेत. सीपीयूची चिप लहान, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये तिचं तापमान जास्त चढतं, आणि पंख्याचा आलेख दोघांपैकी जो गरम त्याच्या मागे धावतो. म्हणजे ४७०० आरपीएमचा बराचसा भाग गेमला नको असलेल्या सीपीयूच्या वॅटसाठी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये चौथा, ‘कस्टम’ मोड आहे. जीपीयूची मर्यादा परफॉर्मन्सचीच ठेवली, सीपीयूचा PL1 ३५ आणि PL2 ४५ केला, पंख्याला संतुलितचा आलेख दिला. वीस मिनिटं चालवलं.

६७ एफपीएस. सीपीयू ७९ अंशांवर, पंखे ३८००, आवाज ४५.५.

परफॉर्मन्सच्या सगळ्या फ्रेम, आणि आवाज साडेचार डेसिबल कमी. संथ एक टक्क्याचा आकडा ५३ होता तो ५२ झाला. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचं म्हणून थांबलो होतो, पण राहवेना. पुन्हा तीन फेऱ्या केल्या. तेच.

२४ ऑक्टोबर

कालच्या आनंदाला लागलीच मर्यादा. त्याच कस्टम मोडमध्ये नेमबाजीचा गेम १७८ वर येतो, संतुलितपेक्षा तेवीस फ्रेम कमी. तिथे सीपीयूचे वॅटच फ्रेम आणतात, त्यामुळे ते कापले की फटका बसणारच. कोणता गेम कुठल्या बाजूचा ते ओळखायला `utilization.gpu` पुरतो: ९५ च्या वर असेल तर सीपीयू कापायला जागा आहे, ७० च्या खाली असेल तर हात लावायचा नाही. मधल्या गेमना मोजूनच ठरवावं लागेल.

ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम मोड नाही त्यांना विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करता येते. त्याने टर्बो बंद होतो. उपाय कुऱ्हाडीचा आहे, पण जड गेममध्ये पंखे लगेच खाली येतात.

लिनक्सवर, यंत्राच्या ड्रायव्हरने सोय दिली असेल तर, कंपनीचेच मोड इथे दिसतात आणि इथूनच बदलतात:

```
cat /sys/firmware/acpi/platform_profile_choices
echo balanced | sudo tee /sys/firmware/acpi/platform_profile
```

२६ ऑक्टोबर

एक शेवटचा प्रयोग: जुना, हलका गेम, ६० एफपीएसला बांधलेला. तिन्ही मोडमध्ये अर्थातच ६०. आवाज शांतमध्ये ३३, संतुलितमध्ये ३६, परफॉर्मन्समध्ये ४४. वॅट जवळजवळ सारखेच, मग हे आठ डेसिबल कुठून आले? परफॉर्मन्सच्या आलेखात पंख्याला तळ आहे. तो ३५०० च्या खाली उतरतच नाही, चिप थंड असली तरी.

जड गेमही कस्टममध्ये ६० ला बांधून पाहिला. पंखे ३५००, आवाज ४३.५. सात फ्रेम सोडून दोन डेसिबल मिळाले. माझ्या कानाला सौदा पटला, मावसभावाला नाही पटणार.

२ नोव्हेंबर

बायॉस अपडेट आला, विचार न करता टाकला. आज सहज PL1 पाहिला: संतुलितमध्ये ४५ चा ५५ झालाय. सोबतच्या टिपेत ‘स्थिरता सुधारणा’ एवढंच लिहिलंय. जड गेम पुन्हा चालवला: ६३, पूर्वीइतकाच. आवाज ४५.

कस्टमचे आकडे अपडेटने पुसून टाकले होते, ते परत भरले. वरच्या तक्त्यात संतुलितच्या ओळीपुढे ‘जुना बायॉस’ असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.